रजेवर गेलेल्या माणसाचा निरोप समारंभ

सबॅटिकल हा शब्द आमच्या कंपनीत पहिल्यांदा मी टाइप केला, तोही खोटं बोलण्यासाठी. ललित सर तेव्हा आमचे क्वालिटी मॅनेजर होते. पुण्याच्या हेड ऑफिसला ते नकोसे झाले होते, पण बावीस वर्षं काम केलेल्या माणसाला सरळ 'जा' म्हणायला कुणाची जीभ रेटेना. मग वरून सांगणं आलं, त्यांना तीन महिने सबॅटिकलवर, म्हणजे लांब रजेवर, पाठवा. मी छान गुळगुळीत पत्र तयार केलं. तीन महिने भरायच्या आत त्यांचा राजीनामा मागून घेतला गेला. तेव्हापासून नाशिकजवळ अंबडच्या आमच्या प्लांटमध्ये त्या शब्दाला एकच अर्थ उरला. कँटीनमध्ये पोरं एकमेकांना दम भरायची, "नीट काम कर, नायतर सबॅटिकलवर जाशील."

मी एचआरमध्ये आहे, अठरा वर्षं. उज्वला मॅडम तापट आहे, असं माझ्यामागे बोलतात ते मला ठाऊक आहे आणि त्यात खोटं काही नाही. रजेचा अर्ज अर्धवट भरून आणणाऱ्याला मी दारातून परत पाठवते. कागद चोख असला की माणसाचं नुकसान होत नाही, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना ऐकवत आले. आता ऐकवत नाही.

ललित सरांच्या प्रकरणानंतर दीड वर्षाने पुण्याहून खरीखुरी सबॅटिकल पॉलिसी आली. तीन पानं, इंग्रजीत. वाचून मी चकितच झाले, कारण पॉलिसी चांगली होती. स्टाफमधल्या कायम माणसाची सलग सात वर्षं सेवा झाली असेल, तर त्याला तीन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत रजा मिळू शकते. शिक्षण असो, घरच्या आजारी माणसाची शुश्रूषा असो, नाहीतर स्वतःचं काही काम असो, कारण लिहून द्यायचं आणि मंजुरी घ्यायची. पगार मिळणार नाही. पण माणूस कंपनीच्या हजेरीपटावर राहतो, सेवेत खंड पडत नाही, घरच्यांचा मेडिक्लेम चालू राहतो, आणि परत आल्यावर तीच किंवा त्याच दर्जाची जागा द्यायला कंपनी बांधील असते. त्याने पाळायच्या दोन अटी होत्या. परत यायच्या साठ दिवस आधी लेखी कळवायचं. आणि रजेच्या काळात दुसरीकडे कुठेही नोकरी धरायची नाही. धरली, तर जागेवरचा हक्क त्या दिवशी संपला.

यातलं बहुतेक सगळं मी मराठीत एका पानावर उतरवून नोटीस बोर्डावर लावलं. पान भरत आलं होतं, म्हणून शेवटी लिहिलं, 'इतर अटी पॉलिसीप्रमाणे'. नोकरी न धरण्याची अट त्या तीन शब्दांत गेली.

पहिला अर्ज कुंदन पाळदेचा आला. कुंदन क्वालिटीतला सिनियर इंजिनियर, देवळाली कॅम्पला राहणारा, एकोणीस वर्षं आमच्याकडे. पॅनेलमधली एखादी वायर सैल असली की हात न लावता त्याला कळायचं, असं सगळे म्हणायचे. बोलणं मोजकं, आवाज खालचा. त्याच्या बायकोला, सुवर्णाला, स्तनाचा कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन, असं वर्षभराचं वेळापत्रक डॉक्टरांनी हातात दिलं होतं. घरात दुसरं बघणारं कुणी नव्हतं. रजा सगळ्या संपल्या होत्या. तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, राजीनामा देतो, एवढीच वाट दिसते.

मी त्याच्यावर चिडले. राजीनामा दिलास तर मेडिक्लेम त्याच दिवशी बंद होईल, मग उपचार कशावर करणार, असं विचारलं आणि ती तीन पानं त्याच्यापुढे ठेवली. सबॅटिकल म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मी समजावलं की ललित सरांचं वेगळं होतं, हे वेगळं आहे. तो मान हलवत राहिला. मान हलवणारा प्रत्येक माणूस पटलेला असतोच असं नाही, पण मला घाई होती. त्याने तिन्ही पानांवर खाली सह्या केल्या. वाचून केल्या का, हे मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी सुवर्णा स्वतः आली. ऑपरेशनच्या तपासण्यांसाठी नाशिकला आली होती, तशीच रिक्षा करून अंबडला आली. बारीक अंगाची, डोळ्यांत भीती नसलेली बाई. तिने बोर्डावरच्या माझ्या मराठी पानाची प्रत घरी वाचली होती आणि तिला एकच विचारायचं होतं.

"म्हणजे मॅडम, ही नुसती लांब रजा आहे. एक जुलैला पुढच्या वर्षी ते परत कामावर येणार. बरोबर ना?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले.

"मी त्यांना तेच सांगते, पण त्यांना वाटतं मी मनाची समजूत घालतेय. तुम्ही सांगितलंत, बरं झालं."

ती गेल्यावर मला खूप बरं वाटलं. या बाईचा निदान संसार तरी वाचवला, असं मनात आलं. मी ते मनात आणलं, एवढंच केलं.

कुंदनला रजेवर सोडताना त्याच्याकडचं सामान जमा करून घ्यायचं होतं. मापाची हत्यारं, लॅपटॉप, गेटपास. सबॅटिकलसाठी वेगळा फॉर्म पुण्याने पाठवलाच नव्हता. माझ्याकडे नोकरी सोडणाऱ्यांचा 'नो ड्यूज' फॉर्म होता, तोच वापरला. वर ठळक अक्षरात 'कंपनी सोडल्याचे कारण' असा रकाना होता. मी तिथे सबॅटिकल लिहिलं. स्टोअर, आयटी, कँटीन, लायब्ररी, सगळीकडे फिरून कुंदनने सह्या आणल्या. त्या फॉर्मवर सह्या घेत फिरणारा माणूस परत येताना आमच्याकडे आजवर कुणी पाहिलेला नाही.

आणि मग तीस जूनला दुपारी चारला निरोप समारंभ झाला. हे क्वालिटीतल्या भिमाजीअण्णांचं काम. अण्णा डिपार्टमेंटमधले सगळ्यांत जुने, पिंपळगावकडचे, मनाने लोण्यासारखे. कुणी जाणार म्हटलं की वर्गणी काढायची, शाल-श्रीफळ आणायचं, भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, समोसे मागवायचे, हे ते न सांगता करतात. मला बोलावलं तेव्हा मी म्हणाले, अण्णा, तो रजेवर चाललाय, निरोप कसला. अण्णा म्हणाले, "मॅडम, वर्षभर दिसणार नाय तो. मोकळ्या हातानं कसं पाठवायचं? लय वाईट दिसतं."

खरंच वाईट दिसलं असतं. म्हणून मी गेले. प्लांट हेड साहेबांनी कुंदनच्या खांद्यावर शाल टाकली आणि एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले. अण्णांना बोलताना रडू आलं. "कुठंही गेलास तरी आम्हाला इसरू नको," असं ते म्हणाले. पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा असं छापलेलं घड्याळ दिलं. पुष्पगुच्छ माझ्या हातून द्यायचा होता, तो मी दिला. फोटो काढला. त्या पाऊण तासात उभं राहून एक वाक्य म्हणायचं होतं, की हा माणूस पुढच्या वर्षी एक जुलैला परत येणार आहे. ते वाक्य मला येत होतं. माझ्या हातात समोशाची प्लेट होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कुंदनला डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. बायको आजारी, उगाच कामाचे मेसेज कशाला, म्हणून. त्याच्या टेबलावर रोहित नावाचा नवा मुलगा बसू लागला. आम्ही कुणीही त्याला फोन केला नाही, कारण त्याला त्रास नको होता. आमच्याकडे माणसाला जपायची ही रीत आहे.

मी माझं काम चोख करत होते. दर महिन्याला पीएफच्या यादीत त्याचं नाव शून्य पगारासह जात होतं. डायरीत पंधरा एप्रिलच्या पानावर लिहून ठेवलं होतं, कुंदनला फोन, साठ दिवसांच्या पत्राची आठवण. मेडिक्लेम एक एप्रिलला नव्याने सुरू होतो, त्या यादीत मी सुवर्णाचं नाव सगळ्यांत आधी घातलं.

एप्रिलच्या आठ तारखेला सिन्नरहून फोन आला. तिथल्या एका कारखान्याच्या एचआरमधली मुलगी, भाग्यश्री नाव. गोड आवाजात म्हणाली की कुंदन पाळदे आमच्याकडे सहा मार्चपासून लागलेत, पण पीएफमध्ये तुमच्याकडची त्यांची नोकरी अजून चालू दिसतेय, नोकरी सोडल्याची तारीख तेवढी टाका ना.

मी तिला उद्या करते म्हणाले आणि फोन ठेवून डायरीतलं पंधरा एप्रिलचं पान उघडलं. पंधरा तारखेला सात दिवस होते. पण त्याचा आता काही उपयोग नव्हता, त्याने नोकरी धरून महिना झाला होता.

कुंदनला बोलावलं. तो रविवारच्या सुट्टीच्या आधी, शनिवारी संध्याकाळी सिन्नरहून थेट आला. वाळला होता. सुवर्णाचं विचारलं, तर रेडिएशन संपलं, केस परत यायला लागलेत, म्हणाला. हे सांगताना पहिल्यांदा हसला. मग मी विचारलं, सिन्नरला का लागलास?

त्याने खिशातून मेडिक्लेमचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर तारीख होती, एकतीस मार्च.

"हे तेवढं तारखेपर्यंत चालू ठेवलंत, ते संपत आलं होतं," तो म्हणाला. "माझं नाव तर जूनमध्येच काढलं होतं. पुढं पाच वर्षं तिच्या तपासण्या आहेत. सिन्नरला कायम केल्यावर मेडिक्लेम देतात, म्हणून लागलो."

"तुझं नाव कुणी काढलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत, तो असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने मोबाइलमधला फोटो काढून दाखवला. शाल पांघरलेला तो, शेजारी प्लांट हेड, अण्णा डोळे पुसताहेत, आणि पुष्पगुच्छ देणारी मी.

"मॅडम, रजेवर जाणाऱ्याला शाल देतात का?" त्याने विचारलं. "सुवर्णा म्हणत होती, रजा आहे म्हणून. मी तिच्या समाधानासाठी हो म्हणायचो."

मी त्याला सगळं सांगितलं. त्याचं नाव अजून आमच्याकडे आहे. कार्ड पहिल्या तारखेलाच नवं झालंय. तीस जूनपर्यंत तो घरी बसला असता आणि दोन ओळींचं पत्र दिलं असतं, तर एक जुलैला आपल्या टेबलाशी बसला असता. सांगताना मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "म्हणजे सिन्नरला लागलो नसतो, तर नोकरी होती."

मी त्याला म्हणाले, सिन्नरचं लगेच सोडू नकोस, मी बघते. एक दुपारभर मी असाही विचार केला की भाग्यश्रीला गाठावं, तिची नोंद मागे घ्यायला लावावी. पण एका माणसाचं नाव मार्च महिन्यात पीएफसाठी दोन ठिकाणांहून गेलं होतं आणि ते सरकारी यादीत होतं. कागद चोख होते. मी प्लांट हेड साहेबांकडे गेले. तो निरोप समारंभाचा फोटो आणि 'नो ड्यूज' फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाले, साहेब, आपण याला स्वतःच्या हाताने निरोप दिला, त्याने तो खरा मानला, यात त्याची चूक काय. बोर्डावरच्या माझ्या कागदात ती अट नव्हती, हेही सांगितलं. साहेब वाईट नाहीत. त्यांनी माझ्यासमोर पुण्याला फोन लावला, मग मेल केली, पंधरा दिवस पाठपुरावा केला.

पुण्याचं उत्तर पाच ओळींचं आलं. कर्मचाऱ्याने तिन्ही पानांवर सही केलेली आहे. दुसऱ्या प्लांटमध्ये दोघांनी रजा घेऊन बाहेर नोकऱ्या केल्याचं उघड झालंय, त्यांना एक न्याय आणि याला दुसरा देता येणार नाही. समारंभ हा पॉलिसीचा भाग नाही. सहानुभूती म्हणून बडतर्फ न करता राजीनामा स्वीकारण्यात यावा. राजीनाम्याची तारीख पाच मार्च.

कुंदन सही करायला आला तेव्हा अण्णांना कुठून तरी कळलं होतं. ते माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात. कुंदनने सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि उठला. अण्णा म्हणाले, "कुंदन, चुकलं रे माझं." कुंदनने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, तुम्ही प्रेमानंच केलंत. यावेळी समोसे नव्हते, शाल नव्हती. निरोप आधीच झालेला होता.

जाताना मी त्याला विचारलं, सुवर्णाला सांगितलंस? तो म्हणाला, सांगेन.

एक जुलैला मी सकाळी लवकर पोहोचले. आठ वाजले असतील. बारीक पाऊस होता. कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी आहे, तिथे पत्र्याखाली कुंदन उभा होता, आमच्या युनिफॉर्ममध्ये. करडा शर्ट, खिशावर निळी पट्टी, बाहीला कडक इस्त्री. क्षणभर मला वाटलं, पुण्याने काहीतरी बदललं आणि मला कळवायचं राहिलं. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या बढतीला झाला नव्हता. मी रस्ता ओलांडून धावत गेले.

"सुवर्णानं काढून ठेवला होता," तो शर्टाकडे बघत म्हणाला. "वर्षभर दर महिन्याला धुऊन इस्त्री करायची. केमोच्या वेळी हात थरथरायचे, तरी. कॅलेंडरवर आजच्या तारखेला कुंकू लावलंय."

"तिला माहीत नाही?"

"सिन्नरचं तिला वाटतं, पार्टटाइम होतं, मधल्या काळापुरतं. आज सकाळी तिनं औक्षण केलं, मॅडम. मला बोलता आलं नाही."

मी विचारलं, आमचं कार्ड बंद, सिन्नरचं कायम झाल्याशिवाय मिळणार नाही, मग कार्ड चालणार नाही तेव्हा तिला काय सांगशील? ऑगस्टमध्ये तपासणी होती, ते मला पाठ होतं. तो म्हणाला, तोपर्यंत सांगतो. ती आत्ता कुठे जेवायला लागलीय. मग त्याने पिशवीतून दुसरा शर्ट काढला, सिन्नरच्या कारखान्याचा, आणि टपरीच्या आडोशाला जाऊन आमच्या शर्टावरच चढवला. गळ्यापर्यंत बटणं लावली, आतली कॉलर दिसू नये म्हणून. पिशवीत अजून एक खोका होता, तो त्याने माझ्या हातात दिला.

"पेढे आहेत," तो म्हणाला. "डिपार्टमेंटला वाट म्हणाली. परत घेऊन गेलो तर तिला कळेल. तुम्ही वाटाल का?"

सिन्नरकडे जाणारी बस धरायला तो हायवेच्या दिशेने निघून गेला. पावसात जोरात चालत होता, कारण नव्या ठिकाणी उशीर चालत नाही.

मी खोका घेऊन क्वालिटीत गेले. सगळे येऊन बसले होते. कुंदनच्या टेबलाशी रोहित होता. मी खोका अण्णांसमोर ठेवून उघडला. त्यांनी विचारलं, कसले पेढे, कुणाला काय झालं? मी म्हणाले, कुंदन आज कामावर हजर झाला म्हणून त्याच्या बायकोने पाठवलेत.

पेढ्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून प्रत्येकाने एकेक उचलला. रोहितने हातातला पेढा खाली ठेवला आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला. अण्णांनी आपला पेढा तसाच धरून ठेवला आणि मला विचारलं, "कुठं हाय तो?"

"सिन्नरच्या बसमध्ये," मी म्हणाले.

एवढ्यात माझा मोबाइल वाजला. सुवर्णाचा नंबर मी गेल्या जूनमध्ये सेव्ह केला होता. मी उचलला. तिच्या आवाजात नुसता आनंद होता. ती म्हणाली, तुम्ही म्हणाला होतात ना मॅडम, नुसती लांब रजा आहे म्हणून, ते खरं झालं, आणि विचारलं, "झाले ना हे हजर?"

अण्णा, रोहित, सगळे माझ्याकडे बघत होते. अठरा वर्षांत मी कुणाचीही खोटी हजेरी लावलेली नाही.

"हो," मी म्हणाले. "वेळेवर आले."